पाहिजे होते

आमचं ऑफिस डोणगावात, बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत. शेतातला ओलावा मोजणारी यंत्रं आम्ही लावतो. कंपनीचे भागीदार दोन. एक इथले, आमचे दादा. दुसरे जर्मनीत, त्यांना मराठीचा गंध नाही. दर शनिवारी दादा आठवड्याची हकीकत सांगत आणि मी ती इंग्रजीत लिहून पाठवी. जर्मनीवाल्यांची अट एकच होती: आकडे, अडचणी आणि मागण्या वेगवेगळ्या लिहा.

एका शनिवारी दादा म्हणाले, "चाळीस यंत्रं लागली. सहा बंद हायेत, सेन्सर गेले त्याईचे. सहा सेन्सर पाहिजे होते."

आकडे लिहिले. अडचणींत लिहिलं, सहा यंत्रं बंद, सेन्सर हवे होते. मागण्या: काही नाही. 'होते' म्हणजे भूतकाळ. मी मास्तरांची मुलगी, व्याकरणात पक्की!

उत्तर आलं, "हवे होते, म्हणजे आता मिळाले. छान!"

पुढच्या शनिवारी दादा भडकले. "काऊन नाही आले सेन्सर? मांगतले होते ना मी!"

"तुम्ही 'होते' म्हणालात."

"मंग काय 'दे सेन्सर' म्हणू त्याले? बरं दिसते का?"

मी मागण्यांखाली लिहिलं: सहा सेन्सर, तुमच्याकडून, शुक्रवारपर्यंत. तासाभरात उत्तर आलं, "आजच पाठवतो. आधीच का नाही मागितले?"

तेवढ्यात दादांपुढं चहाचे दोन कप आले. डोकं धरून मी म्हटलं, "दादा, चहा पाहिजे होता."

"होता? मंग आता नको असन," म्हणत त्यांनी दोन्ही कप स्वतःकडे ओढले.