सहा पावलांवरून केक बघणाऱ्या काकू

आमच्या काकू घाबरट आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला नावं ठेवायला नको. दार वाजलं की दचकतात, फोन वाजला की आधी देवाचं नाव घेतात, आणि ओव्हनचा गजर तर बावीस वर्षं रोज ऐकूनही त्यांच्या छातीत धडकी भरवतो. मी त्याच बेकरीत भट्टी सांभाळते. माझं तोंडही तापट, म्हणून सगळे मला 'भट्टी'च म्हणतात. काकू केक सजवतात. म्हणजे सजवायच्या.

पहिली तीन वर्षं त्यांनी नुसते डबे घासले. क्रीमनं लिहायचा कोन हातात धरायला कुणी देईना, तेव्हा घरी उकडलेले बटाटे कुस्करून, ते कोनात भरून, पालथ्या ताटावर अक्षरं गिरवायच्या. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, भिंग लावून शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "तुझा 'श' लंगडतोय." मग सगळे मिळून तो बटाटा खायचे. पोरगी अजून सांगते, शाळेत जाईपर्यंत तिला वाटायचं की बटाटा असाच असतो, नळीनळीचा.

सजावटीचं काम हातात येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एक तीन थरांचा केक गेला. मधल्या थराला आतून काड्यांचा आधार नव्हता. काकूंनी ते पाहिलं होतं, पण आपण नवीन, आपण कशाला बोलावं, म्हणून तोंड शिवून बसल्या. केक भर हॉलमध्ये बसला. वाढदिवस सात वर्षांच्या मुलीचा. ती ओरडली नाही, नुसती बघत राहिली. काकू म्हणतात, "रडली असती तर बरं झालं असतं गं."

तेव्हापासून त्यांची नजर अशी झाली की काय सांगू! कुठलंही डिझाइन आलं की चित्र शीतखोलीच्या दाराला चिकटवायचं, सहा पावलं मागे जायचं आणि बघायचं. सहाच का? तर पाहुणे केकपासून साधारण तेवढ्या अंतरावर उभे असतात. तिथून वाचता आलं नाही तर ते लिखाण नव्हे, नक्षी. मालकीणबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी नियमच केला. डिझाइन काकू बघणार, आणि खोट काढली तर तिथल्या तिथे, गिऱ्हाइकासमोर, सुधारलेला नमुना स्वतःच्या हातानं करून दाखवणार. नुसती नाकं मुरडणारी माणसं बाईंना चालत नाहीत.

या नियमानंच आमचं धाबं दणाणलं.

कारण दोन महिन्यांपूर्वी काकूंचा उजवा हात कापायला लागला. रिकामा असला की शांत. कोन धरला की थरथर, आणि कुणी बघत असलं की दुप्पट. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण हे पूर्ण थांबायचंही नाही. काकूंनी हे घरीसुद्धा सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही मी त्यांना भांडी घासायच्या मोरीपाशी रडताना पकडलं म्हणून.

"बाईंना कळलं तर मला घरी बसवतील. घरी बसून मी काय करू? भिंती मोजू?"

मग आम्ही चोरी सुरू केली. बाई दुपारपर्यंत पुढच्या काउंटरवर असतात. तेवढ्यात काकू टूथपिकनं केकवर बारीक टिंबं टोचून अक्षरांच्या जागा आखायच्या आणि मी लिहायचे. फुलं त्या आधीच कागदावर काढून गार करून ठेवायच्या. फुलाची पाकळी थरथरली तरी खपते, अक्षराचं तसं नाही. दोन महिने आम्ही दोघी जीव मुठीत धरून काम करत होतो. नशिबानं त्यात खोट काढावी असं एकही डिझाइन आलं नाही. पुढच्या दाराची कडी वाजली की माझ्या हातातला कोन त्यांच्या हातात.

आणि परवा गिऱ्हाईक म्हणून एक सूनबाई आली.

सासऱ्यांची पंचाहत्तरी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बागेत समारंभ. बिचारी भली बाई, पण डिझाइन कुणा सजावटवाल्याकडून काढून आणलेलं. बाईंनी स्वतः ते दाराला चिकटवलं आणि काकूंना हाक मारली. मी पीठ मळायचं सोडून दाराशी आले. काकू सहा पावलं मागे गेल्या, बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मला लांबून दिसलं.

चित्रात तीन थर होते. खालचा दहा इंच, मधला नऊ, वरचा आठ, आणि वरचाच सगळ्यात उंच. थरांच्या कडांवर फुलं, जांभळी, नारिंगी, पोपटी आणि निळी, सगळे रंग सारख्याच मापात. सर्वांत वर साखरेचा हंस, मान केकच्या कडेबाहेर लांब काढलेली. आणि फिकट पिवळ्यावर सोनेरी तिरक्या अक्षरांत, 'पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. आतमध्ये काय, तर व्हिप्ड क्रीम आणि ताजी फळं.

"कसं वाटतं, काकू?" बाईंनी विचारलं.

काकूंची नजर चित्रावरच.

मला कळलं, त्या काय मोजतायत. बोलल्या तर हात दाखवावा लागणार. नाही बोलल्या तर हे सगळं पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या पुढ्यात कोसळणार. मला वाटलं मीच ओरडते आता. पण मी काय ओरडणार? त्यांचं गुपित माझ्या तोंडानं फुटलं असतं.

"छान आहे," काकू म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेलेला.

सूनबाईचा चेहरा खुलला. "हो ना? बाबांना आता नीटसं दिसत नाही. पण म्हणाले, माझ्या केकवर काय लिहिलंय ते मी स्वतः वाचणार, कुणी वाचून दाखवायचं नाही. म्हणून मुद्दाम एवढं सगळं लिहायला सांगितलं."

बाईंनी ऑर्डरची वही उघडली. पेनाचं टोपण काढलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

बाईंनी वर पाहिलं.

"नाही, ते वाचू शकणार नाहीत. तुम्ही इथे या. माझ्या जागेवर उभ्या राहा आणि वाचा."

सूनबाई आली, उभी राहिली. डोळे बारीक केले. "पंच... पुढे..." आणि थांबली. स्वतः सांगून काढून घेतलेला मजकूर तिला वाचता येईना.

मग काकू सुटल्याच. भीतीनं ओठ पांढरे पडले होते, पण बोलत होत्या. "पिवळ्यावर सोनेरी दिव्याच्या उजेडात नाहीसं होतं. अक्षरं एवढी, जागा एवढीशी. क्रीमची रेघ जाड असते, जोडाक्षरांची पोटं बुजतात, 'च्या' नि 'व्या' एकच दिसतात. रंग चार आहेत आणि चौघं एकदम ओरडतायत, बघायचं कुणाकडे? थरांत एकेका इंचाचा फरक म्हणजे कडेला पायरी अर्ध्या इंचाची. त्यावर ही दोन इंचांची फुलं बसणार कुठे? आणि वरचा थर सगळ्यात उंच, म्हणजे केक नाही दिसत, खांब दिसतो. हंसाची मान बाहेर आहे, बागेतल्या दमट हवेत तासाभरात खाली येईल. आणि व्हिप्ड क्रीमवर वरचे दोन थर? बसतील हो. अगदी खालीच बसतील."

मला हसू आलं. भीतीनं येतं तसं.

सूनबाई रडकुंडीला आली. "मग करायचं काय?"

"दहा, सात आणि चार. उंची प्रत्येकी चार इंच. भरायला घट्ट बटरक्रीम, प्रत्येक वरच्या थराखाली पुठ्ठा, त्याच्या खाली काड्या. फळं कापताना बशीत द्या. सगळा केक दुधी पांढरा, फुलं गुलाबी, पानं हिरवी, बास. लिखाण खालच्या थराच्या दर्शनी बाजूला, गडद लाल, उभं आणि जाड. गडद रंग काही तासांनी आणखी चढतो, म्हणून तो एक छटा फिकाच कालवायचा आणि पांढरं थंड होऊन घट्ट झाल्यावर लिहायचं, म्हणजे रंग पांढऱ्यात पसरणार नाही. आणि लिहायचं फक्त 'बाबा ७५'."

"एवढंच?"

"एवढंच ते वाचतील."

बाईंनी थर्माकोलचा दहा इंची ठोकळा टेबलावर ठेवला. "दाखवा."

मी लाल क्रीम भरून कोन काकूंच्या हातात दिला. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, आता संपलं." मला म्हणाल्या की स्वतःला, कोण जाणे.

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तरी कोनाचं टोक नाचत होतं. 'ब' निघाला तो नदीच्या काठासारखा वेडावाकडा. काना हलला. शिरोरेघ चढली, उतरली, पुन्हा चढली. इतकी वर्षं जिच्या रेघेवर पट्टी ठेवून बघावी ती बाई माझ्यासमोर पाच वर्षांच्या मुलीसारखं लिहीत होती, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी 'बाबा ७५' पूर्ण केलं. एकही आकडा सोडला नाही.

सूनबाईला कुणी सांगितलं नाही, ती आपणहून सहा पावलं मागे गेली. "बाबा, पंचाहत्तर," तिनं वाचलं. मग स्वतःचा चष्मा काढून, बाबांना दिसेल तसं, पुन्हा वाचलं. "हेच करा," ती म्हणाली आणि पटकन तोंड फिरवलं.

ती गेल्यावर बाईंनी वही मिटली. "कधीपासून?"

"दोन महिने."

"मग हे सगळे केक?"

"मी लिहिले," मी म्हटलं. "आणि ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, त्यांना काही बोललात तर बघा!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तरीच. गेल्या महिन्यात 'शुभेच्छा' कडेला अशा चेंगरल्या होत्या, मला वाटलं काकू म्हाताऱ्या झाल्या." मग काकूंकडे वळल्या. आवाज मऊ होता, पण बोलणं सरळ. "कोन आता तुमच्या हातात नाही, काकू. डिझाइन बघायचं काम तुमचंच. नमुना ही भट्टी करेल, उघडपणे. पण मला फसवायला नको होतं."

काकू "बरं" म्हणाल्या. ज्या एका वाक्याला त्या दोन महिने घाबरत होत्या, ते ऐकून झालं होतं. त्यांनी कोन रिकामा केला, नोझल काढून धुतलं, पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. या बेकरीत काढलेली अकराही वर्षं मला ते हवं होतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी नको होतं.

दुसऱ्या दिवशी खरा केक समोर आला. दहा, सात, चार, दुधी पांढरा, थंड आणि घट्ट. बाई बघत होत्या, म्हणून माझाही हात थरथरायला लागला. माझी सारी मिजास कुठच्या कुठे गेली. मागे सहा पावलांवर काकू उभ्या होत्या. मी वळून पाहिलं तर डोळ्यांतून धारा लागलेल्या, पुसायचंही भान नाही.

"काकू, आधी डोळे पुसा," मी म्हटलं. "नाहीतर तुम्हाला दिसणार काय आणि मी लिहिणार काय?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. नाक ओढलं.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "मी बघतेय. हं, जरा डावीकडून सुरू कर. अजून थोडं. थांब, तिथेच."