अचूकरावांचं नमुना उत्तर

समोरच्या दारातल्या सरांना मी अचूकराव म्हणतो. तोंडावर म्हणतो, पाठीमागे फार तर थोडं वाढवून सांगतो. एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. वहिनींनी मीठ किती घालू विचारलं तरी "किमान एक चमचा, कमाल दीड" असं उत्तर.

निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेचे मुख्य परीक्षक तेच. नमुना उत्तरं त्यांनीच लिहिलेली आणि ती समोर ठेवून आणखी अकरा जण पेपर तपासत होते.

त्या सकाळी मी वर्तमानपत्र मागायला गेलो, तर सर लाल रेघ मारून थबकले होते.

"तिसरा विद्यार्थी. तेच चुकीचं उत्तर."

"तिघांचा गुरू एकच असेल. तुम्ही."

सर हसले नाहीत. प्रश्न असा होता: शून्य ते पाचपर्यंत x² − 4x + 5 चं इंटिग्रल, म्हणजे त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, न सोडवता ते कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल? रीत सोपी. फंक्शनची सगळ्यात लहान किंमत गुणिले रुंदी आणि सगळ्यात मोठी किंमत गुणिले रुंदी. उत्तर या दोहोंच्या बाहेर जात नाही. शून्यापाशी किंमत पाच, पाचापाशी दहा, रुंदी पाच. सरांचं उत्तर पंचवीस ते पन्नास. मुलांनी लिहिलं होतं पाच ते पन्नास.

"मग सोडवूनच बघा की," मी टोचलं.

सरांनी समासात सोडवलं. सोळा पूर्णांक दोन तृतीयांश. पेन खाली ठेवलं.

"पंचवीस ते पन्नासमध्ये नाही आलं," ते म्हणाले. "दोनपाशी फंक्शन एकवर उतरतं. मी नुसती दोन्ही टोकं पाहिली. मधे डोकावलोच नाही. एक गुणिले पाच, पाच. मुलांचंच बरोबर."

मी वर्तमानपत्र मागायचंच विसरलो. असं क्वचित होतं.

"अहो, निकाल परवा आहे," वहिनी हळूच म्हणाल्या. "चार मार्कांचाच तर प्रश्न."

"चार मार्कांनी प्रवेश हुकतो गं."

त्यांनी परीक्षा विभागाला फोन लावला. पलीकडचे साहेब समजूतदार होते. "सगळ्यांना सरसकट चार देऊ. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"पंचवीस लिहिलेल्यांनाही? त्यांचं माझ्यासारखंच चुकलंय," सर म्हणाले. "गठ्ठे परत मागवा. चूक माझी आहे, तसं लेखी देतो."

निकाल लांबला. पत्र सगळ्या कॉलेजांत फिरलं. सरांचा निरोप समारंभ कोणी रद्द केला नाही. फक्त कोणी ठरवलाही नाही.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी वहिनींनी मला डबा देऊन धाडलं. परीक्षा विभागाच्या खोलीत सर एकटेच तपासत बसले होते. दोनशे सोळा पेपरांत चार-चार मार्क वाढले होते. पेपरांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक.

"ही मुलं कोण, तुम्हाला कधी कळायचं नाही," मी म्हणालो.

"त्यांची उत्तरं कळली ना," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला.