तिसऱ्या दिवसाची सुई

बोरीवलीच्या खाडीपलीकडे आमचं गाव. बोटीने पलीकडे उतरलं की दहा मिनिटांत मी माझ्या शाळेच्या ऑफिसात आणि परतीच्या बोटीने उतरलं की डुकरांच्या वासात. आमच्या घरी डुकरं माझ्या आजोबांच्या आधीपासून. आता दोनच डुकरिणी उरल्यात, आणि त्यांचं सगळं मी आणि माझी आई बघतो. आईला आम्ही आय म्हणतो.

डुकरांची जुनी खोपटी मातीची होती. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल व्हायचा, वास गल्लीत जायचा आणि शेजारचे नाकं मुरडायचे. शेवटी मीच मागे लागून खाली सिमेंटची जमीन करून घेतली. पाण्याचा एक पाईप मारला की सगळं स्वच्छ. आयला ते पटलं नव्हतं. "डुकराला माती लागते," एवढंच ती म्हणाली. मी ते जुन्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

त्याच सुमारास मोठ्या डुकरिणीच्या पायाला जखम झाली म्हणून जनावरांच्या डॉक्टर आल्या होत्या. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, बोटीत स्कूटर घालून येणाऱ्या. मलमपट्टी करताना त्यांचं लक्ष जमिनीवर गेलं. "सिमेंट केलंत? मग व्याली की तिसऱ्या दिवशी मला बोलवा. पिल्लांना लोहाचं इंजेक्शन द्यावं लागेल."

मी हो म्हटलं. फोनमध्ये लिहूनही ठेवलं.

डुकरीण व्याली. दहा पिल्लं, सगळी गुलाबी, सगळी आचळाला घट्ट चिकटलेली. तिसरा दिवस आला तेव्हा माझ्या भावाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची धावपळ होती. मी आयला म्हटलं, डॉक्टरांना बोलावू का. आय पिल्लांकडे बघत होती. "कशाला गं टोचायचं एवढ्याशा जिवांना? बघ ना, कशी ठणठणीत आहेत." मलाही तेच वाटलं. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. पुढच्या आठवड्यात पिल्लं अजून गुबगुबीत झाली, आणि इंजेक्शनची गोष्ट माझ्या डोक्यातून गेली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आयने मला हाक मारली. तिच्या आवाजावरूनच कळलं. सगळ्यात मोठं पिल्लू भिंतीशी आडवं पडलं होतं, मेलेलं. आदल्या संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना ढकलून दूध पीत होतं. बाकीची नऊ उभी होती, पण त्यांचे कान कागदासारखे पांढरे दिसत होते. दोघा-तिघांच्या बरगड्या श्वासाबरोबर धडधड उडत होत्या, उभ्या जागीच धाप लागलेली.

"नजर लागली," आय म्हणाली, आणि लगेच स्वतःच, "नाही, दूध खराब झालं असेल." तिने डुकरिणीपुढे गूळ आणि बीट आणून टाकलं. मी ऑफिसला फोन करून सुट्टी सांगितली, डॉक्टरांना फोन केला आणि जेट्टीवर जाऊन उभी राहिले. पहिल्या दोन बोटींत त्या नव्हत्या. तिसऱ्या बोटीतून उतरल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "इंजेक्शन दिलं होतं?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी स्कूटर सरळ आमच्या घराकडे वळवली.

खोपटीत त्यांनी एका पिल्लाच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून मला दाखवली. आतून ती पांढरीफटक होती. "रक्तात लोह नाही. आँटी, डुकरिणीला गूळ घालून उपयोग नाही. तिला काहीही खाऊ घाला, तिच्या दुधात लोह फारसं उतरतच नाही. पिल्लू जन्मताना अंगात थोडासा साठा घेऊन येतं, तो आठवडाभरात संपायला लागतो. आणि ते तर रोज वाढतंय, त्याला रक्त लागतंय."

"मग माझ्या आईच्या डुकरांना कोण सुया टोचत होतं?" आयने विचारलं.

"माती," डॉक्टर म्हणाल्या. "पिल्लं माती उकरायची, खायची. लोह तिथून मिळायचं. इथे सिमेंटवर काय उकरणार?"

आय माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही. मी विचारलं, मग मोठंच का गेलं, बारकी पिल्लं तर जगली. डॉक्टर म्हणाल्या, जे सगळ्यात भराभर वाढतं त्यालाच सगळ्यात जास्त लोह लागतं, म्हणून तेच आधी कोसळतं. ज्याच्या गुबगुबीतपणाकडे बघून मी निर्धास्त झाले होते तेच.

त्यांनी बाटली काढली. आत काळपट तपकिरी औषध. "हळू धरा. घाबरवू नका, पळवू नका. या अवस्थेत धावपळीनेही हृदय बंद पडतं." आयने एकेक पिल्लू पोटाशी धरलं. डॉक्टरांनी कानामागे मानेची जागा पुसली, कातडी थोडी बाजूला सरकवून सुई दिली, म्हणजे सोडल्यावर भोक झाकलं जातं आणि औषध बाहेर गळत नाही. नऊ पिल्लं, नऊ सुया. आयच्या पदरावर तपकिरी डाग पडले.

"आज उठून पळणार नाहीत," जाताना त्या म्हणाल्या. "रक्त तयार व्हायला दिवस लागतात. वाट बघा."

ते दिवस मी रोज ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर पापण्या बघत होते. दोन दिवस काहीच फरक नाही. चौथ्या दिवशी धाप कमी वाटली. आठवडा उलटला तेव्हा आयने एका पिल्लाचा कान उजेडाकडे धरला आणि मला बोलावलं. कानात गुलाबी रेघा दिसत होत्या. आम्ही दोघी तिथेच खाली बसलो. एक पिल्लू वाढीत मागे राहिलं ते राहिलंच, पण नऊही जगली.

पुढच्या खेपेला लहान डुकरीण व्याली, आठ पिल्लं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, मग पहिल्याच दिवशी देऊन टाकू का, डोक्याला ताप नको. "नाही. पहिले दोन दिवस त्यांना चीक पिऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या. तिसरा किंवा चौथा दिवस. साठा संपायच्या आत, पण फार घाईनेही नाही." तिसरा दिवस रविवार होता. दवाखाना बंद असेल म्हणून मी बोलायला कचरत होते. त्या स्वतःच म्हणाल्या, "येते. तुमच्या हाताने करून घेते."

त्या रविवारी आयने चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी पिल्लं पेटीत काढून ठेवली. पहिल्या पिल्लाच्या मानेला सुई टेकवून मी थांबले. "सरळ जा," डॉक्टर म्हणाल्या, "थांबलात तर जास्त दुखतं." पाचव्या पिल्लापासून त्यांना सांगावं लागलं नाही. आठही पुन्हा आचळाला लागली तेव्हा आय म्हणाली, "चल, झालं. आता मिस्साला उशीर नको."

तिसऱ्या आठवड्यात मी रोज सकाळी उठल्याबरोबर खोपटीत जाऊन पिल्लं मोजत होते. डॉक्टर बघायला आल्या. त्यांनी तीन-चार पिल्लांच्या पापण्या ओढल्या. आतून लालसर. सगळ्यात मोठं पिल्लू त्यांच्या बुटाची नाडी ओढत होतं.

"इथे माझं काही काम नाही," त्या म्हणाल्या.

आयने त्यांना वडे आणि मटणाचं कालवण खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना तिने विचारलं की खोपटीच्या एका कोपऱ्यात थोडी माती टाकली तर चालेल का. डॉक्टर म्हणाल्या, स्वच्छ जागेची असेल तर टाका, पण सुई चुकवू नका. मी हसले. खूप दिवसांनी इतकं मोकळं हसले. मग त्यांची स्कूटर बोटीत चढवायला मीही हात लावला, आणि बोट पलीकडे लागेपर्यंत जेट्टीवरच उभी राहिले.