पालखीसाठी चार वाक्यांची रजा

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण माझ्या नावचा कागद मला कळल्याशिवाय त्यावर सही करायची नाही, हा माझा जुना हट्ट आहे.

शिमग्यात आमच्या गावच्या देवीची पालखी घरं घेत फिरते. कुठल्या दिवशी कोणाचं घर, ते गाव ठरवतं. त्या वर्षी आमची पाळी गुरुवारी आली, आणि ओवाळणीचं तबक पहिल्यांदाच नातीच्या हातात द्यायचं ठरलं. ती रत्नागिरीत इंग्रजी शाळेत पाचवीला. नेमकी गुरुवारीच तिची गणिताची परीक्षा. सून घर सारवायला आधीच गावी गेलेली, मुलगा मुंबईहून परस्पर गावी यायचा. शहरातल्या खोलीत आम्ही दोघंच, बुधवारी निघणार.

शाळेचा नियम असा की रजा आधी मागायची, डायरीतल्या रजेच्या चौकटीत, इंग्रजीत, पालकाच्या सहीनिशी. मग परीक्षा पुढे देता येते. नाहीतर शून्य. वर्गाच्या बाई केरळकडच्या, त्यांना मराठी येत नाही.

मी मराठीत सांगितलं आणि नातीने मोबाईलमध्ये घातलं. मोबाईलने इंग्रजी काढलं. ते वाचून ती पोट धरून हसली.

"आबा, यात पालखीचं डोली झालंय. बाईंना वाटेल आपल्याकडे लग्न आहे."

मग मी डायरी घेऊन शेजारच्या भाऊंकडे गेलो. भाऊंनी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात हयात घालवलेली. त्यांनी चष्मा चढवला आणि आधी कोऱ्या कागदावर एक पान भरून लिहिलं.

"आता हे मराठीत सांगा," मी म्हटलं.

"मी आपल्या चरणी अत्यंत नम्रपणे याचना करतो की..."

"थांबा. मी याचना कुठे केली?"

"अहो, इंग्रजीत असंच लिहितात. तहसीलदाराला पण असंच द्यायचो मी."

"बाई तहसीलदार नाहीत. पोरांना गणित शिकवतात. आणि ही चौकट बघा, हाताच्या पंज्याएवढी. तुमची याचना बाहेर सांडेल."

भाऊ रागावले. "चौथी शिकलेला माणूस मला अर्ज शिकवणार?"

"शिकवत नाही. मला काय म्हणायचंय ते सांगतो, तेवढंच तुम्ही फिरवा."

मी एकेक वाक्य सांगायचं, भाऊंनी इंग्रजीत लिहायचं. लिहिलेलं नातीने मराठीत सांगायचं. तिला मी पडवीत बसवलं होतं, म्हणजे माझं मूळ वाक्य तिच्या कानावर पडू नये. मी बोललो तेच परत आलं तर वाक्य पास.

दोन वाक्यं नापास झाली. एकात भाऊंनी हळूच 'सहकुटुंब' घुसवलं होतं. दुसऱ्यात 'कृपया' तीनदा आलं.

"एकदाच ठेवा," मी म्हटलं. "तीन-तीनदा म्हटलं की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं."

"आणि पालखीला इंग्रजीत काय म्हणू?" भाऊंनी विचारलं.

"पालखीच म्हणा. कोणाची आणि कुठे येते तेवढं सांगा, बाई शहाण्या आहेत."

शेवटी चार वाक्यं उरली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती चार अजून पाठ आहेत. डिअर मॅडम, माय ग्रँडडॉटर विल बी अॅबसेंट ऑन वेन्सडे अँड थर्सडे. द पालखी ऑफ अवर व्हिलेज गॉडेस इज कमिंग टू अवर हाउस. प्लीज ग्रँट हर लीव्ह अँड लेट हर टेक थर्सडेज टेस्ट लेटर. थँक यू.

भाऊंनी ते डायरीत सुबक अक्षरात उतरवलं. खाली मी माझी मराठी सही केली, रेघ ओढून.

सोमवारी सकाळी मी स्वतःच नातीबरोबर शाळेच्या दारात उभा राहिलो. बाईंनी डायरी वाचली. परत एकदा वाचली. मग सही करून हसत नातीला काहीतरी म्हणाल्या.

"काय गो, काय म्हणाल्या?"

"पुढच्या सोमवारी पेपर घेते म्हणाल्या. आणि बाकीचे पालक पानभर लिहितात, मुलगी नक्की कधी येणार नाही ते शोधावं लागतं. तुझ्या आजोबांचं एका दमात कळलं, असं म्हणाल्या."

मी बाईंना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले. परत येताना मी रिक्षा केली नाही. एवढं कोणी सांगितल्यावर माणसाने चालत यावं, म्हणजे वाटेत चार माणसं भेटतात. त्यातल्या तिघांना मी थांबवून सांगितलं.

गुरुवारी ढोल वाजत पालखी आमच्या अंगणात नाचली. नातीने तबक अगदी सरळ धरलं, निरांजन हललं नाही. पालखी पुढच्या घराकडे वळली तसा मुलगा माझ्याजवळ आला.

"हिला रजा कशी मिळाली, बाबा? अर्ज कोणी लिहिला?"

"मी."

"इंग्रजीत?"

"बाईंना मराठी येत नाही," मी म्हटलं. "मग कशात लिहिणार?"

त्याने नातीकडे पाहिलं. ती तबकातलं हळदकुंकू सारखं करत होती.

"आबांनीच लिहिला," ती म्हणाली. "अक्षर तेवढं भाऊकाकांचं."