काकूंच्या स्वयंपाकघराचं छत आणि माझी सुबक नोटीस

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी होण्यासाठी एकच पात्रता लागते : सभेला उशिरा पोहोचणं. मी पोहोचलो तेव्हा निवड होऊन गेलेली, आणि ती माझीच होती. कारण काय, तर 'यांचं मराठी चांगलं आहे, नोटिसा छान लिहितील.'

ठाकुर्लीतली आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. तिने तिशी ओलांडली आणि स्ट्रक्चरल ऑडिट करणं भाग पडलं. म्हणजे महापालिकेच्या यादीतल्या इंजिनियरांनी येऊन खांब, तुळया, छतं तपासायची आणि इमारत राहण्याजोगी आहे का, दुरुस्ती कुठे लागेल, ते लिहून द्यायचं. खर्चावरून सभा चांगलीच रंगली. तळमजल्यावरचे म्हणाले, "गच्ची गळते वरच्यांची, आम्ही का द्यायचे?" वरचे म्हणाले, "मग पाया कोसळला तर तुमचे तुम्ही बघा." शेवटी ठरलं, की फी आधी दुरुस्ती निधीतून द्यायची आणि कमी पडेल ती प्रत्येकाने आपल्या घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे भरायची.

मी नोटीस लिहायला बसलो आणि अंगात आलं. खर्चाची वाटणी चार ओळींत उरकली आणि 'सभासदांनी करावयाचे सहकार्य' या भागात मी जीव ओतला. खांबांपुढची कपाटं सरकवा. फॉल्स सीलिंग असेल तर एक कोपरा उघडून ठेवा. घरात भिंत पाडली असेल, संडास-बाथरूम बदललं असेल, तर न लाजता सांगा. गळतीच्या जुन्या तक्रारी सांगा. आणि ठळक अक्षरांत : तपासणीपूर्वी भेगा बुजवू नयेत, रंग लावू नये, डॉक्टरकडे जाताना आपण पावडर लावून जात नाही. शेवटी एक कडक ओळ : घरातल्या बाथरूम-संडासामुळे खाली होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करावी.

पावडरचं वाक्य फार गाजलं. जिन्यात लोक थांबवून दाद द्यायचे. मी 'छे हो, सुचलं आपलं' म्हणत आणखी एक पायरी थांबायचो.

आमच्या बरोबर खाली काकू राहतात. काका गेल्यापासून एकट्याच. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल होती आणि त्याच्या नेमकं वर आमचं बाथरूम. वर्षातून दोनदा त्या वर यायच्या. "अरे, पोपडे पडतायत. परवा कढीत पडला." मी म्हणायचो, "काकू, वाफेने होतं. खिडकी उघडी ठेवत जा." बाथरूम मी नव्याने केलेलं, जुन्या फरश्या न काढता त्यांच्यावरच नव्या बसवलेल्या. तेव्हा दोष वाफेचाच असणार, याची मला खात्री होती. निदान मी तिला खात्री म्हणायचो.

इंजिनियर येणार त्याच्या आठवडाभर आधी मला उदारतेचा झटका आला. सेक्रेटरीच्या घराखालीच असलं छत दिसलं तर बरं दिसेल का? मी रंगारी पाठवला. त्याने सुटे पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वर पांढरा रंग मारला. छत लग्नघरासारखं झालं. काकूंनी मला समोर बसवून बेसनाचे लाडू खाऊ घातले. "पोटचा मुलगा करणार नाही रे एवढं." मी दोन खाल्ले, तिसरा बांधून घेतला.

आपण आपलीच नोटीस मोडलीय हे तेव्हा ध्यानात आलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आलेलं. पण ती नोटीस इतरांसाठी होती.

इंजिनियरबाई चाळिशीच्या, बोलणं मोजकं. हातात छोटी हातोडी, बरोबर नोंदी घेणारा सहकारी. मी यजमानासारखा पुढे. काकूंच्या स्वयंपाकघरात बाईंनी वर पाहिलं, कोपरे पाहिले आणि सहकाऱ्याला सांगितलं, "किचन, दिसण्याजोगा दोष नाही." त्याने तसं लिहिलं आणि सगळे दाराकडे वळले. माझा श्वास मोकळा झाला. त्याच वेळी मला कळत होतं, की हे घर आता दुरुस्तीच्या यादीतून सुटलं. काकू त्या छताखाली पोळ्या लाटत राहणार. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चला, हॉल बघू."

पण काकूंनी नोटीस मनापासून वाचली होती.

"थांबा हो. जुन्या तक्रारी सांगायच्या असं लिहिलंय ना यानं? इथून पोपडे पडायचे. आता नाही पडत. ह्यानंच स्वतःच्या पैशानं रंगवून दिलं, गेल्या आठवड्यात!" आणि कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाई माझ्याकडे वळल्या. "नोटीस तुम्हीच लिहिलीत ना? ती पावडरवाली?"

"हो. म्हणजे, कमिटीने."

त्या स्टुलावर चढल्या आणि छतावर हातोडीने ठोकत गेल्या. ठक्, ठक्, ठक्. मग भद्. पुन्हा भद्.

"पोकळ आहे. हे काढावं लागेल. आजी, भांडी झाकून घ्या."

परातीएवढा तुकडा ओट्यावर पडला. आत सळया दिसल्या, गंजून फुगलेल्या, कुठेकुठे पापुद्रे सुटलेल्या. बाई म्हणाल्या, "रंगामुळे हे राहून गेलं असतं." एवढंच. काकू वर बघत होत्या. माझ्या पाठीवरचा हात केव्हा निघाला ते मला कळलं नाही.

मग माझं घर. बाथरूमच्या दारात मी म्हणालो, "टाइल्स चांगल्यातल्या आहेत हं."

"टाइल्सच्या खाली काय आहे ते विचारतेय. वॉटरप्रूफिंग कधी केलं?"

आतून बायको म्हणाली, "सांगा ना, न लाजता."

पाणी वाहून जायचं तोंड बंद करून बाथरूमात पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खाली, उघड्या सळयांवरून, थेंब पडत होता. वाफ नव्हती.

काकूंच्या स्वयंपाकघरात लोखंडी टेकू उभे राहिले. गॅस हॉलमध्ये, देव सोफ्यावर. माझं बाथरूम फोडायला घेतलं, स्वखर्चाने. ती ओळ माझीच, तिच्यावर हरकत कशी घेणार? अहवालात दुरुस्तीच्या यादीत त्यांचं छत सगळ्यात वर आलं. ते काकूंमुळे आलं. माझ्यावर असतं तर आलं नसतं.

मी माफी मागायला गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "रंगवलंस त्याचं नाही रे. मी बाईंना सांगेपर्यंत तू गप्प उभा होतास, ते मला नंतर कळलं." मी तांदळातले दोन खडे वेचून बाजूला ठेवले आणि उठलो.

संध्याकाळी बायकोने आमटी-भाताचा डबा दिला. दार उघडून काकूंनी डब्याकडे पाहिलं.

"नको बाबा. तू झाकून आणलेलं मला आता चालत नाही."

मी जिन्यातच झाकण काढलं आणि खिशात घातलं. तळमजल्यावरचे गृहस्थ वर येत होते; थांबून बघत राहिले. काकूंनी आमटीत डोकावून पाहिलं, चमचा आणला, ढवळला, तळापर्यंत.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि डबा घेतला. आत ये म्हणाल्या नाहीत.

टेकू अजून आहेत. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन उतरतो, उघडाच.