सोफ्याच्या हातांना कापड कमी पडलं

आमच्या भिसेगावच्या घरात सोफा तिघांचा आणि बसणारी मी एकटी. हे गेले, मुलगा पुण्याला. फोनवर म्हणाला, "आई, तो सोफा काढून टाक, एक खुर्ची घे." म्हटलं, खुर्चीवर बसून वाट कुणाची बघू रे? कापड बदलते, सोफा राहू दे.

आता मापं. पूर्वी टेपचं दुसरं टोक हे धरायचे. या वेळी मी टोकावर खलबत्ता ठेवला, पण सीट आणि पाठ यांच्या फटीत टेप घालायला गेले की टोक सुटायचं. कंटाळून वरवर दिसतं तेवढंच मोजलं. सीट, पाठ, हात, सगळं तसंच. त्या हिशेबाने कर्जतच्या बाजारातून तीन मीटर आणलं. ठाणातला शेवटचा तुकडा होता तो.

खालापूरहून सोफेवाला आला. जुनं कापड उसवलं, नव्यावर मांडलं आणि हसला.

"मावशी, दिसतं तेवढंच मोजलंत काय? फटीत जातं, खाली वळवून ठोकायचं, ते कुठनं आणू? अंगणातनं?"

"माझ्याच कातड्याचं लाव मग!"

कापडाचा पन्हा चोपन्न इंच रुंद, एका ओळीत दोनच तुकडे बसत होते. तीन सीटा नि तीन पाठी मिळून तीन ओळी झाल्या. उरलेल्यात पुढची खालची पट्टी जोड देऊन निघाली. भिंतीकडच्या मागच्या बाजूला तो साधं मांजरपाट लावतोच. पण दोन्ही हातांना काही उरलं नाही. आणखी मीटरभर तरी हवं होतं, आणि दुकानात ते कापड नव्हतं.

मग त्याने हातांचं जुनं कापड उलटं करून दाखवलं. आतला रंग कोरा करकरीत! ऊन नाही, धूळ नाही. "हेच उलटं लावतो मावशी, नवं वाटंल. फेकायचं नाय."

माझ्या बाजूचा हात तसाच उलटून लावायला सांगितला. ह्यांच्या बाजूचा त्याने उचलला तेव्हा मात्र मी हातातून ओढूनच घेतला. पेपर वाचताना ह्यांचा पंजा जिथे टेकायचा, तिथे कापड झिजून चकाकत होतं.

"हा आहे तसाच लाव."

"आवो, एक हात नवा नि एक जुना? येणारे हसतील की!"

"येऊन हसले तर बरंच होईल रे बाबा."

त्याने चहा घेतला आणि चकाकी वर ठेवून नीट ठोकून दिलं.

तो गेल्यावर मी माझ्या कोपऱ्यात बसले. नवं कापड जरा टोचत होतं. मग उठले, मधली सीट ओलांडून ह्यांच्या बाजूला बसले आणि त्या झिजलेल्या जागेवर हात टेकवला. माझा पंजा लहान. चकाकी चारही बाजूंनी बाहेर उरली.