नव्यांना अंक, जुन्यांना नमस्कार

मामांचं गिरगावातलं वाचनालय बंद पडायच्या बेतात होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना घोषणांवर गर्दी जमते, हे पाहून त्यांनीही फळ्यावर घोषणा लिहिली: ‘नव्या वर्गणीदारास दिवाळी अंक भेट!’

अंक मामांना दोन रुपयांना पडे. महिन्याच्या रुपयाभर वर्गणीतून भाडं, नवी पुस्तकं जाऊन चार आणे उरत. म्हणजे माणूस आठ महिने टिकला तरच अंक फिटणार. बहुतेक जण दुसऱ्याच महिन्यात भरलेली अनामत परत घेऊन गेले. मामा मात्र नव्या नावांची यादी मिरवत होते.

मग समोरच्या चाळीतल्या काकू आल्या. वर्गणीदार, नऊ वर्षं.

“माझा अंक?”

“तो नव्यांना, काकू.”

“मग अनामत द्या. उद्या नवी होऊन येते.”

हिशेबाची वही मीच लिहीत असे. मी हळूच म्हटलं, “मामा, यांच्याकडून आजवर सत्तावीस रुपये सुटलेत.”

मामांनी अंक दिला आणि फळ्यावरचं ‘नव्या’ पुसून ‘जुन्या’ लिहिलं.

काकूंनी ते वाचलं. “जुनं व्हायला किती वर्षं लागतात, तेही लिहा.”

मामांनी बोटांवर मोजलं. वर्षाचे तीन रुपये, अंकाचे दोन. त्यांनी लिहिलं, ‘एक वर्ष’. वाचनालय तगलं.